दोन आकड्यांची वही

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या भागांतून फिरताना कानावर अहिराणी पडते. धुळे, नंदुरबार, जळगावातून भुसावळ-सुरत मार्गाच्या गाडीनं आलेली माणसं इथं यंत्रमागांवर, डाईंग मिलांत आणि रिंगरोडच्या कापड बाजारात कामाला लागली आणि इथलीच झाली. त्यांच्या मुलांची पहिली पिढी महापालिकेच्या मराठी शाळांत शिकली. आता दुसरी पिढी इंजिनिअर होऊन जर्मनीची प्रवेशपत्रं घरी आणते आहे.

प्रवेशपत्र येतं त्या दिवशी घरात पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी वही उघडते आणि पहिल्याच ओळीवर अडते. 'दूतावास किती पैसे दाखवायला सांगतो?' या प्रश्नाला शेजारी एक उत्तर देतो, एजंट दुसरं आणि म्युनिकला गेलेला मावसभाऊ तिसरं. तिघंही आपापल्या परीनं खरं बोलतात, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. या लेखाचं काम ते प्रश्न वेगळे करण्याचं आहे.

त्यासाठी एक घर डोळ्यांपुढे ठेवू. हे कोणा एकाचं घर नाही. सुरतेतल्या मराठी घरांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एकत्र करून मी ते मांडलं आहे. वडील डाईंग मिलमध्ये सुपरवायझर. आई घरी साड्यांवर टिक्की-लेस लावण्याचं जॉबवर्क करते. मुलीनं गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आहे. मास्टर्ससाठी तिच्या हातात दोन प्रवेश आहेत : एक केम्निट्झचा, एक म्युनिकचा. गुजरात मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो, म्हणून तिची फाइल मुंबईतच तपासली जाणार.

दूतावासाचा आकडा कुठून येतो

जर्मन दूतावासाला दाखवायची रक्कम आहे वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा चालू आहे. त्याआधी तो ११,२०८ होता आणि त्याहीआधी १०,३३२. हा अंदाजानं ठरवलेला आकडा नाही, त्याची फोड करता येते. जर्मन सरकार आपल्या गरजू विद्यार्थ्यांना 'बाफ्यॉग' नावाच्या कायद्याखाली मदत देतं. त्या मदतीचा आई-वडिलांपासून वेगळं राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठीचा सर्वोच्च दर परदेशी विद्यार्थ्याच्या निर्वाहाला लावतात. मूळ गरजेचे ४७५ युरो, घरासाठी ३८०, आरोग्य विम्यासाठी १०२ आणि शुश्रूषा विम्यासाठी ३५. बेरीज ९९२.

ही फोड समजली की दोन गोष्टी उघड होतात. पहिली म्हणजे या आकड्यात शहर कुठेच नाही. म्युनिक असो, बर्लिन असो, केम्निट्झ असो, दूतावास तेवढेच ९९२ युरो मागतो. मुलीनं म्युनिकची भाडी महाग आहेत म्हणून जास्त रक्कम भरली तरी फाइलला त्यानं वजन येत नाही. केम्निट्झ स्वस्त आहे म्हणून कमी भरली तर मात्र फाइल अडते. दुसरी गोष्ट म्हणजे यात शिकवणी शुल्क नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ते नसतंच, फक्त सत्राची वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांकडून मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो घेतं. ते पैसे ११,९०४ च्या वर, वेगळे ठेवावे लागतात.

हा आकडा बदलतो आणि तो बाफ्यॉगच्या दराला बांधलेला असल्यामुळे जर्मन संसदेत तो दर वाढला की इथलीही रक्कम वाढते. म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या मुलाचा कागद पाहून पैसे भरू नयेत. पैसे पाठवण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावरची रक्कम वाचावी आणि त्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवावी.

शहराचा आकडा

आता वहीचं दुसरं पान. इथं दूतावास नाही, शहर आहे. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत विद्यापीठांच्या शहरांमध्ये सामायिक घरातल्या एका खोलीचं सरासरी भाडं महिन्याला ४८९ युरो होतं, आणि म्युनिकमध्ये ७९०. केम्निट्झसारख्या पूर्वेकडच्या शहरात खोली म्युनिकच्या निम्म्याहून कमी भाड्यात मिळते. सरकारी हिशेबात घरासाठी ३८० युरो धरलेले आहेत. म्हणजे सरासरी शहरातच भाडं त्या खणाबाहेर जातं.

आपल्या मुलीसाठी दोन्ही शहरांचा हिशेब मांडू. विमा दोन्हीकडे सारखाच. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा शुश्रूषा विम्यासह महिन्याला साधारण १४५ युरोंना पडतो. केम्निट्झमध्ये खोली ३००, विमा १४५, घरी शिजवून जेवण २३०, सत्राची वर्गणी महिन्यांवर वाटून ५०, फोन आणि किरकोळ ७०. एकूण ७९५. दूतावासाच्या ९९२ मधून जवळजवळ २०० युरो उरतात. म्युनिकमध्ये खोली ७९०, विमा १४५, जेवण २५०, वर्गणी आणि प्रवास ४५, किरकोळ ९०. एकूण १,३२०. म्हणजे दर महिन्याला ३२८ युरो कमी, वर्षाला ३,९३६. या यादीतलं भाडं आणि विमा सोडून बाकीचे आकडे माझा अंदाज आहेत. प्रत्येक घरानं ते आपल्या मुलाच्या सवयीप्रमाणे बदलावेत, पण खण मात्र हेच ठेवावेत.

विद्यार्थी वसतिगृहाची खोली मिळाली तर म्युनिकचं गणित बरंच सावरतं. त्या वसतिगृहांची प्रतीक्षायादी मात्र लांब असते आणि 'मिळेलच' हे गृहीत धरून हिशेब करता येत नाही. अर्ज प्रवेशपत्र हाती येताच करावा आणि हिशेब बाजारभावानं करावा.

यात अजून पहिल्या महिन्याचा खर्च आलेला नाही, आणि घरं सगळ्यात जास्त इथंच चुकतात. जर्मन कायद्याप्रमाणे घरमालक अनामत म्हणून विजेच्या-गरम पाण्याच्या खर्चाशिवायच्या भाड्याच्या तिप्पट रक्कम मागू शकतो. ती दूतावासासाठी भरलेल्या रकमेतून देता येत नाही, कारण ती रक्कम जर्मनीतल्या रोखलेल्या खात्यात असते आणि तिथून महिन्याला ९९२ युरोच सुटतात. शिवाय तो पहिला हप्ताही उतरल्याच्या दिवशी मिळत नाही. पत्ता नोंदवायचा, तिथल्या बँकेत चालू खातं उघडायचं, ते रोखलेल्या खात्याशी जोडायचं, तेव्हा पैसे येतात. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च या ११,९०४ च्या बाहेर, हाताशी असावा लागतो. केम्निट्झसाठी मी १,५०० युरो धरेन, म्युनिकसाठी ३,०००.

रोखलेलं खातं : कागद कसा तयार होतो

जर्मनीत जाणाऱ्याच्या वडिलांचं सुरतेतल्या बँकेचं पासबुक, मुदत ठेवीच्या पावत्या, सीएचं मालमत्ता प्रमाणपत्र या गोष्टी निर्वाहाचा पुरावा म्हणून पुढे केल्या की फाइल अडते. मुंबईच्या दूतावासाला हवं असतं ते 'श्पेर्कोंटो' म्हणजे रोखलेल्या खात्याचं पुष्टिपत्र. पूर्ण शिष्यवृत्ती किंवा जर्मनीत राहणाऱ्या नातलगानं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात दिलेलं हमीपत्र हे दुसरे मार्ग आहेत. बहुतेकांसाठी मात्र हे खातंच. ते मुलीच्या नावानं, एक्स्पाट्रिओ किंवा फिन्टिबा अशा सेवादात्यांमार्फत ऑनलाइन उघडतं. पासपोर्ट अपलोड केला, ओळख पटली की खाते क्रमांक आणि पैसे पाठवताना लिहायचा संदर्भ क्रमांक येतो.

गुजरातमधल्या मराठी घरांना इथं एक अडचण हमखास येते. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असं छापलेलं असतं. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत असतं. कुठे पाटीलचं स्पेलिंग वेगळं, कुठे वडिलांच्या नावापुढे 'भाई' लागलेलं. रोखलेलं खातं अक्षरशः पासपोर्टवरच्या नावानंच उघडावं. बाकीच्या कागदांतला फरक नोटरी केलेल्या एकाच प्रतिज्ञापत्रानं जोडावा. तेही आयत्या वेळी नको, प्रमाणपत्रं तपासणाऱ्या एपीएसचा अर्ज भरतानाच करून ठेवावं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे.

आता पैसे. युरोचा दर रोज हलतो. हिशेबाला १०५ रुपये धरले तर ११,९०४ युरोंचे १२,४९,९२० रुपये होतात. त्यावर सेवादात्याचं शुल्क आणि बँकेचे आकार. बँकेत फॉर्म A2 भरताना हेतू संकेत विचारतात. शिक्षणासाठी तो S0305. कारकुनानं घाईत दुसरा संकेत लावला तर करकपात बदलते. एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीनं एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेल्या १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस लागत नाही. त्यावर शिक्षणासाठी कमी दर असतो आणि इतर हेतूंसाठी तो २० टक्के होतो. शैक्षणिक कर्जातून थेट गेलेल्या रकमेवर टीसीएस नसतो. कापलेला टीसीएस बुडत नाही, विवरणपत्र भरताना तो परत मागता येतो, पण त्या वेळी हातातली रक्कम मात्र अडकते.

म्हणून आपल्या घरानं वाटणी केली. साडेसहा लाख वडिलांच्या खात्यातून, बाकीचे सहा लाख आईच्या. आईच्या नावे पॅन आहे आणि जॉबवर्कचं विवरणपत्र ती तीन वर्षं भरते, म्हणून हे जमतं. नाही तर सगळा भार एकाच पॅनवर आला असता. दोन्ही वेळा संदर्भ क्रमांक तोच लिहायचा.

आणि सगळ्यात जास्त फाइली अडवणारी बारीक गोष्ट इथं आहे. पैसे सुरतेतून थेट जर्मनीत पोचत नाहीत, मधल्या एखाद्या बँकेतून जातात आणि ती बँक आपला आकार कापते. सुरतेतून बरोबर ११,९०४ निघाले आणि खात्यात ११,८८१ जमा झाले तर पुष्टिपत्र निघत नाही. त्यानंतर तेवीस युरो पाठवायला पुन्हा शंभर मैलांचा फेरा. पैसे पाठवताना आकार पाठवणाऱ्यानं भरायचा, म्हणजे फॉर्मवर OUR हा पर्याय निवडायचा आणि तरीही सेवादात्यानं सांगितलेल्या रकमेत पन्नास युरो जास्त टाकायचे. जास्तीचे पैसे खात्यात राहतात, ते वाया जात नाहीत. बँकेनं दिलेली स्विफ्टची प्रत आणि A2 ची छायाप्रत जपून ठेवायची. पैसे कुठे अडले ते त्या प्रतीवरूनच शोधता येतं.

कर्ज आणि घराचे कागद

१२-१३ लाख घरातून निघत नसतील तर बँक. तेव्हा सुरतेतल्या अनेक घरांना आपलं घर पहिल्यांदा कागदावर दिसतं. शहराच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या कित्येक सोसायट्यांत घर केवळ नोटरीच्या कागदावर घेतलेलं असतं. नोंदणीकृत खरेदीखत नसेल तर बँक ते तारण घेत नाही. गावची शेती सातबाऱ्यावर वडिलांच्या नावावर असली तरी शैक्षणिक कर्जाला शेतजमीन बँका सहसा तारण म्हणून घेत नाहीत. हे सारं प्रवेशाच्या आदल्या वर्षीच तपासून घ्यावं.

कर्ज मिळालं तरी मंजुरीपत्र जर्मन दूतावासाला पुरत नाही. बँकेकडून रक्कम थेट रोखलेल्या खात्यात सोडवून घ्यावी लागते. त्यामुळे मंजुरीच्या वेळीच 'निर्वाहाचा हप्ता पूर्ण एकदम आणि या खात्यात' अशी अट लिहून घ्यावी. अनेक बँका निर्वाह सत्रागणिक सोडतात आणि दूतावासाला वर्षाचा एकदम हवा असतो. या दोन वेळापत्रकांत मुलांचं एक सत्र वाया गेलेलं दिसतं.

शहर कुठे मोजलं जातं

सगळेच देश शहराकडे दुर्लक्ष करत नाहीत. ब्रिटनच्या नियमांत शहराला खरी किंमत आहे. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये शिकणाऱ्याला महिन्याला १,५२९ पौंड दाखवावे लागतात आणि लंडनबाहेर १,१७१. नऊ महिन्यांपर्यंत. म्हणजे लंडनसाठी १३,७६१, बाहेर १०,५३९ आणि उरलेली फी त्यावर. तिथं रोखलेलं खातं नाही. तिथं भारतातली बँक चालते, पण ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि एकही दिवस शेवटची शिल्लक त्याखाली उतरलेली चालत नाही. आई-वडिलांचं खातं दाखवताना जन्मदाखला आणि संमतीपत्र लागतं. सुरत महापालिकेचा जुना जन्मदाखला गुजरातीत असेल तर प्रमाणित इंग्रजी अनुवाद सोबत हवा. अमेरिकेत आकडा दूतावास ठरवत नाही. विद्यापीठ आपल्या शहराप्रमाणे तो I-20 वर छापतं आणि मुंबईच्या मुलाखतीत अधिकारी घरच्या कागदांवरून तो खरोखर कुठून येणार, ते विचारतो.

जिथं २८ दिवस शिल्लक दाखवायची आहे, तिथं 'आम्ही पैसे ठेवतो, व्याज द्या' म्हणणारी माणसं उभी राहतात. सुरतेतही ती आहेत. त्यांचे पैसे घेऊन व्हिसा मिळाला तरी मुलगी विमानातून उतरते तेव्हा तिच्याकडे भाड्याला काही नसतं. खोटा कागद दूतावासापुढे एक दिवस उभा राहतो. तिला मात्र त्या शहरात बारा महिने काढायचे असतात. आणि फसवणूक उघड झाली तर पुढच्या सगळ्या अर्जांवर त्याचा डाग राहतो.

दुसऱ्या वर्षाचं पान

मुंबईचा व्हिसा म्हणजे शेवट नाही. तो काही महिन्यांचाच असतो. पुढचा निवास परवाना तिथल्या शहराचं परदेशी नागरिक कार्यालय देतं, आणि मुदत वाढवताना त्याला पुन्हा पुढच्या काळाचा निर्वाह दाखवावा लागतो. मास्टर्स दोन वर्षांचं असतं, म्हणून दुसऱ्या वर्षाची तजवीज पहिल्याच वर्षी वहीत लिहायची. २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. चालू नोकरीचा करार आणि पगाराच्या चिठ्ठ्या त्या वेळी कामी येतात. मुंबईच्या फाइलमध्ये मात्र 'तिथं गेल्यावर कमवेल' या वाक्याला काही किंमत नसते. भाषा नीट न येणाऱ्याला पहिल्या सत्रात काम मिळेलच असंही नाही.

व्हिसा नाकारला गेला तर काय, हेही लिहून ठेवावं. रोखलेले पैसे नकारपत्र दाखवल्यावर ज्या खात्यातून आले तिथं परत येतात, पण त्याला आठवडे लागतात आणि युरोचा दर उतरला असेल तर तो फरक आपलाच. १ जुलै २०२५ पासून जर्मन दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय बंद झाली आहे. आता नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं, एवढेच दोन मार्ग उरले आहेत. म्हणून पहिली फाइलच निर्दोष हवी.

आपल्या घरानं शेवटी वही अशी भरली. पहिल्या पानावर दूतावासाचे ११,९०४ युरो, कोणाच्या खात्यातून किती, कोणत्या तारखेला. दुसऱ्या पानावर शहराचे आकडे, केम्निट्झसाठी महिन्याचे ७९५ आणि उतरल्यावर लागणारे १,५००. म्युनिकसाठी १,३२० आणि ३,०००, शिवाय शिकवणी शुल्क. म्युनिकच्या पानावर त्यांना दोन वर्षांत कर्ज, नातलग आणि गावची जमीन विकणं एवढंच दिसलं. केम्निट्झच्या पानावर पहिलं वर्ष घरच्या पैशांत निघत होतं आणि दुसरं निम्म्या कर्जात. मुलीनं केम्निट्झ निवडलं.

तुमच्या घरी प्रवेशपत्र आलं असेल तर एवढंच करा. दूतावासाचा आकडा आणि शहराचा आकडा कधीच एका ओळीत लिहू नका. पहिला आकडा मुंबईच्या फाइलसाठी, दुसरा मुलीच्या जेवणाखाणासाठी. दोन्ही पानं भरून झाल्याशिवाय पहिला रुपया बाहेर पाठवू नका.